फाटकावरची नोटीस : ‘टाळेबंदी’, ‘ले-ऑफ’ की ‘बंद’? पगार या शब्दावर ठरतो

(पोस्ट लांब आहे. कारखान्यात, गोदामात, कंपनीच्या ऑफिसात काम करणाऱ्यांनी वेळ काढून वाचा.)

सकाळी पहिल्या पाळीला माणसं येतात तर फाटक बंद. आत वॉचमन, बाहेर नोटीस. त्या क्षणी कामगाराच्या लेखी गोष्ट एकच असते : काम नाही. कायद्याच्या लेखी मात्र तिथे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि त्या तिन्हींत पगाराचा हिशेब अगदी वेगळा निघतो. ले-ऑफ म्हणजे मालक काम देऊ शकत नाही. कच्चा माल नाही, वीज नाही, यंत्र मोडलं, माल पडून आहे. टाळेबंदी म्हणजे मालक काम देऊ शकतो पण देत नाही, कारण त्याला कामगारांकडून काहीतरी मान्य करून घ्यायचंय. आणि क्लोजर, म्हणजे धंदाच कायमचा बंद.

आकड्यांत बघू. समजा एका माणसाची नोकरी बारा वर्षांची आहे, महिना पगार पंधरा हजार, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून बारा हजार. ले-ऑफ असेल तर त्याला मूळ आणि महागाईच्या निम्मे, म्हणजे महिन्याला साधारण सहा हजार मिळतात. टाळेबंदी कायदेशीर असेल तर शून्य. कायद्याने रीतसर क्लोजर झालं तर दर पुऱ्या वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, म्हणजे साडेसात हजार गुणिले बारा, नव्वद हजार एकरकमी (ग्रॅच्युइटी वेगळी). आणि परवानगी लागत असताना ती न घेता बंद केलं, तर कायदा म्हणतो की कारखाना बंद झालाच नाही असं समजा आणि दर महिन्याचे पंधरा हजार चालू ठेवा.

फाटक तेच, माणूस तोच. शून्यापासून पूर्ण पगारापर्यंतचा फरक नोटिशीवरच्या शब्दाने पडतो. हे शब्द इतके महाग कसे झाले, त्याचा इतिहास बराचसा आपल्या भागात घडलाय.

सुरुवात बार्शीपासून करायला हवी. बार्शी लाइट रेल्वे, मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर अशी धावणारी ती छोट्या रुळांची गाडी, एका खासगी कंपनीची होती. सरकारने करारातला हक्क वापरून ती विकत घ्यायचं ठरवलं आणि कंपनीने आपल्या सगळ्या नोकरांना कळवलं की ३१ डिसेंबर १९५३ ला तुमची नोकरी संपली. बहुतेकांना पुढे सरकारी रेल्वेने घेतलं. पण जुन्या कंपनीतल्या इतक्या वर्षांच्या नोकरीचं काय?

तेव्हा नुकतीच, ऑक्टोबर १९५३ मध्ये, औद्योगिक विवाद कायद्यात एक दुरुस्ती आली होती. ले-ऑफला निम्मा पगार आणि कपात केली तर दर वर्षाला पंधरा दिवसांची भरपाई, या दोन्ही गोष्टी त्या दुरुस्तीने दिल्या. कामगारांनी साधा प्रश्न विचारला : आम्हाला कामावरून काढलं, म्हणजे ही कपातच ना? मग भरपाई द्या. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचं म्हणणं मान्य केलं. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. बडोद्याच्या दिनेश मिल्सचं प्रकरणही त्याच्या जोडीला होतं, ती गिरणी बंद झाली होती. २७ नोव्हेंबर १९५६ ला निकाल लागला आणि तो कामगारांच्या विरोधात गेला. न्यायालय म्हणालं की कपात म्हणजे चालू धंद्यातली जादा माणसं कमी करणं. धंदाच संपला किंवा दुसऱ्याकडे गेला तर ती कपात होत नाही. म्हणून भरपाई नाही.

याचा अर्थ नीट बघा. शंभरातले दहा काढले तर भरपाई, शंभरच्या शंभर काढले तर काही नाही! सरकारलाही हे पटलं नाही. १९५७ साली आधी वटहुकूम आणि मग कायदा करून धंदा बंद झाला किंवा हस्तांतरित झाला तरी भरपाई द्यावी लागेल अशी नवी कलमं घातली. ती मागच्या तारखेपासून लागू केली, आणि ती तारीख होती २८ नोव्हेंबर १९५६. म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून. ज्यांच्या खटल्यामुळे कायदा बदलला त्या बार्शीच्या कामगारांना त्यातून एक पैसा मिळाला नाही. पुढच्या सगळ्यांना मिळाला. आज कुठलाही कारखाना बंद होताना ‘वर्षाला पंधरा दिवस’ हा हिशेब निघतो, त्याच्या मुळाशी कुर्डुवाडी-बार्शीची ती माणसं आहेत. आपल्याकडे त्या रेल्वेवर, इंजिनांवर हौसेने लिहिलं जातं. या भागाबद्दल मी फारसं कुठे वाचलेलं नाही.

आता टाळेबंदीकडे येऊ, कारण खरी गंमत (आणि खरा त्रास) इथे आहे.

निलगिरीतल्या कोटगिरीजवळ कैरबेट्टा नावाचा चहाचा मळा होता. १९५७ च्या जुलैमध्ये तिथल्या मॅनेजरवर हल्ला झाला, कर्मचारी घाबरले आणि व्यवस्थापनाने मळ्याचा खालचा भाग सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत बंद ठेवला. मजूर म्हणाले, तुम्ही काम दिलं नाहीत, तेव्हा हा ले-ऑफ आहे, निम्मा पगार द्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६० साली न्या. गजेंद्रगडकरांनी निकाल लिहिला. हे आपल्या साताऱ्याचे, पुढे सरन्यायाधीश झाले. त्यांनी केलेली मांडणी आजही वापरात आहे. कामगाराच्या हातात जसा संप, तसं मालकाच्या हातात टाळेबंदी, दोन्ही शस्त्रं. ले-ऑफ मात्र शस्त्र नाही, ती धंद्यातली अडचण आहे. म्हणून ले-ऑफची भरपाई टाळेबंदीला लागू होत नाही. मजुरांना काही मिळालं नाही.

तर्क म्हणून मांडणी चोख आहे. पण मला त्यातली ‘जसा-तसं’ ही तुलना कधीच पूर्ण पटलेली नाही. संपात मालकाचं उत्पादन थांबतं, टाळेबंदीत कामगाराच्या घरची चूल थांबते. दोघांची कळ काढण्याची ताकद सारखी नसते.

बरं, टाळेबंदीला सरकारची परवानगी लागते का? नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे, अगदी युनियनच्या मंडळींतही. टाळेबंदीला परवानगी कधीच लागत नव्हती आणि आजही लागत नाही. लागते ती आगाऊ नोटीस. जुन्या केंद्रीय कायद्यात ती फक्त सार्वजनिक सेवेच्या उद्योगांना होती. महाराष्ट्रात १९७१ चा आपला कामगार संघटना मान्यता व अनुचित प्रथा कायदा आला (अंमल १९७५ पासून) आणि त्याने चौदा दिवसांची नोटीस न देता केलेली टाळेबंदी बेकायदा ठरवली. शिवाय समेट अधिकाऱ्यासमोर बोलणी चालू असताना किंवा न्यायालयात प्रकरण असताना टाळेबंदी करता येत नाही, ती मर्यादा वेगळीच. टाळेबंदी बेकायदा ठरली तर त्या काळाचा पगार मागता येतो. दुसरीकडे, संपच बेकायदा असेल आणि त्याला उत्तर म्हणून टाळेबंदी आली, तर कायदा ती बेकायदा मानत नाही.

पण कायदेशीर टाळेबंदीतही नेहमी शून्यच मिळतं असं नाही. दोघांचीही चूक असेल तर? आधी अयोग्य संप झाला, मग मालकाने टाळेबंदी केली. इथपर्यंत ठीक. पण संप मिटायला आला तरी मालक कामगारांना धडा शिकवायला कुलूप काढत नाही. अशा वेळी दोष वाटून घ्यायची पद्धत न्यायालयांनी पाडली. १९६३ साली इंडिया मरीन सर्व्हिसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशाच कारणाने टाळेबंदीच्या काळाचा निम्मा पगार दिला. पुढे १९७६ साली कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राच्या खटल्यातही निम्माच पगार मिळाला. म्हणून टाळेबंदी चालू असताना युनियनने ‘आम्ही कामावर यायला तयार आहोत’ हे लेखी, तारखेसह, पोच घेऊन कळवत राहायचं असतं. पाच वर्षांनी कोर्टात तोच कागद निम्मा पगार मिळवून देतो.

आता क्लोजर आणि परवानगी. १९५७ नंतर मालकाला धंदा बंद करायला भरपाई द्यावी लागत होती, पण कुणाला विचारावं लागत नव्हतं. १९७२ मध्ये साठ दिवस आधी सरकारला कळवायची अट आली. तीही फक्त कळवायची. विचारायची वेळ आली ती आणीबाणीत. मार्च १९७६ पासून तीनशे किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना, खाणींना आणि मळ्यांना ले-ऑफ, कपात आणि क्लोजर तिन्हींसाठी सरकारची आगाऊ परवानगी घेणं बंधनकारक झालं. संपांवर बंधनं घालणाऱ्या सरकारनेच कामगारांना हे दिलं, ही त्या काळाची विसंगती लक्षात ठेवण्यासारखी आहे.

याला पहिलं मोठं आव्हान मुंबईतूनच गेलं. एक्सेल वेअर ही निर्यातीचे कपडे शिवणारी फर्म, चारशेच्या आसपास कामगार. १९७७ मध्ये त्यांनी महाराष्ट्र सरकारकडे बंद करायची परवानगी मागितली. सरकारने सार्वजनिक हिताचं कारण देऊन नाकारली. फर्म सर्वोच्च न्यायालयात गेली आणि सप्टेंबर १९७८ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने क्लोजरच्या परवानगीचं कलम, म्हणजे २५-ओ, रद्द केलं. धंदा करण्याच्या हक्कात तो बंद करण्याचा हक्कही येतो, हे एक कारण. पण जास्त वजनदार कारणं पद्धतीबद्दल होती : सरकारने नकाराची कारणं द्यायचं बंधन नाही, नकारावर दाद मागायला जागा नाही, आणि सरकारने उत्तरच दिलं नाही तर काय, याचाही पत्ता नाही.

सरकारने हे तीनही दोष दुरुस्त करून कलम पुन्हा आणलं. १९८२ ची दुरुस्ती, अंमल २१ ऑगस्ट १९८४ पासून. परवानगीचा उंबरठाही याच दुरुस्तीने तीनशेवरून शंभरावर आला. मालकाने नव्वद दिवस आधी अर्ज करायचा, प्रत कामगारांना द्यायची. सरकारने दोघांचं ऐकून कारणांसह आदेश द्यायचा. साठ दिवसांत काही कळवलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं. आदेश पटला नाही तर फेरविचार किंवा न्यायाधिकरण. आणि परवानगीशिवाय बंद केलं तर ते पहिल्या दिवसापासून बेकायदा, कामगारांना सगळे लाभ चालू. हे नवं रूप २००२ मध्ये ओरिसा टेक्स्टाइलच्या खटल्यात घटनापीठाने टिकवलं.

या नव्या कलमाचा दात किती तीक्ष्ण आहे ते दाखवणारा खटलाही मुंबईचाच, आणि तोच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

एस. जी. केमिकल्स अँड डाईज ट्रेडिंग. मुंबईत तीन ठिकाणी काम : वरळीला औषध विभाग, ट्रॉम्बेला रंगांचा कारखाना आणि प्रयोगशाळा, चर्चगेटला विक्रीचं ऑफिस. वरळीत सुमारे ११०, ट्रॉम्बेत ६०, चर्चगेटला ९० कामगार. जुलै १९८४ मध्ये कंपनीने चर्चगेटचं ऑफिस सप्टेंबरपासून बंद करत असल्याचं सरकारला कळवलं. कळवलं, म्हणजे साठ दिवसांची नोटीस दिली. परवानगी मागितली नाही. कंपनीचं म्हणणं वरवर बिनतोड होतं : परवानगीचं प्रकरण कारखान्यांना लागू आहे. चर्चगेट हा कारखाना नाही, ते ऑफिस आहे. ट्रॉम्बे कारखाना आहे, पण तिथे साठच माणसं. शंभर होतात कुठे?

औद्योगिक न्यायालयाने युनियनची तक्रार फेटाळली. युनियन थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. एप्रिल १९८६ चा निकाल न्या. मादन यांनी लिहिला (भिवंडी दंगलीच्या चौकशी आयोगामुळे हे नाव अनेकांना आठवेल). त्यांनी फळ्यावरची नावं बाजूला ठेवून काम कसं चालतं ते बघितलं. ट्रॉम्बेत बनणारा माल विकतं कोण? चर्चगेट. ट्रॉम्बेसाठी कच्च्या मालाची खरेदी, पैशाचे व्यवहार बघतं कोण? चर्चगेट. एक नसेल तर दुसरं चालू शकत नाही. मग दोन्ही मिळून एकच आस्थापना, कामगार साठ अधिक नव्वद, दीडशे. शंभराच्या वर. परवानगी हवी होती, घेतली नाही, म्हणून क्लोजर बेकायदा. चर्चगेटच्या कामगारांना सप्टेंबर १९८४ पासूनचा पूर्ण पगार आणि सगळे लाभ. शिवाय परवानगीशिवाय बंद करणं ही महाराष्ट्राच्या कायद्याखाली अनुचित प्रथाही ठरली, त्यामुळे युनियनला औद्योगिक न्यायालयात जाण्याचा जवळचा रस्ता मोकळा झाला.

या निकालानंतर कंपन्या हुशार झाल्या. परवानगी फक्त क्लोजरला लागते आणि टाळेबंदीला लागत नाही, हे त्यांच्या वकिलांना आपल्याआधी कळलं होतं. मग क्लोजर करायचंच नाही! टाळेबंदी करायची आणि ती उठवायचीच नाही. किंवा काहीच जाहीर करायचं नाही, वीजबिल थकवायचं, लाइन तुटू द्यायची, कच्चा माल आणणं थांबवायचं. सहा महिने, वर्ष, दोन वर्षं. कामगार कंटाळून, कर्जात बुडून, ‘हिशेब’ घेऊन जातो. जाताना पूर्ण आणि अंतिम रकमेच्या पावतीवर सही करतो. कागदोपत्री कुणी काही बंद केलेलंच नसतं. १९८२ च्या संपानंतर गिरणगावात लांबलेल्या बंदचा हा अनुभव हजारो घरांनी घेतला.

मग हे ओळखायचं कसं? सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सोपी कसोटी सांगितली : टाळेबंदीत कामाची जागा बंद असते, क्लोजरमध्ये धंदा बंद असतो. आणि बंद खरा आहे की कामगारांना घालवायचा बहाणा आहे, ते परिस्थितीवरून बघायचं. व्यवहारात म्हणजे : यंत्रं विकली जातायत का, की तेल घालून झाकून ठेवलीत? फॅक्टरीचं लायसन्स परत केलं का? तोच माल दुसऱ्या गावातून, दुसऱ्या कंपनीच्या नावाने बाजारात येतोय का? जुन्याच गिऱ्हाइकांना? फाटकाबाहेर उभं राहून ट्रकचे नंबर आणि तारखा वहीत लिहिणारा एखादा कामगार वकिलाच्या फार कामाचा असतो.

एक मर्यादा मात्र सांगितलीच पाहिजे. पूर्ण पगाराचा निकाल मिळणं आणि पगार मिळणं यात मोठं अंतर आहे. येणं ठरलेलं असेल तर वसुली दाखला निघतो आणि जिल्हाधिकारी जमीन महसुलासारखी वसुली करतात. पण कंपनीच दिवाळखोरीत गेली तर रांग लागते. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात लिक्विडेशनच्या आधीच्या चोवीस महिन्यांचं कामगारांचं येणं बँकांच्या बरोबरीने धरलं जातं. त्याआधीचं मागे पडतं. दहा वर्षं टाळेबंदीत काढलेल्या माणसासाठी चोवीस महिने म्हणजे काय, ते त्याने स्वतःच मोजावं. म्हणून दावा लवकर लावणं, ‘बघू, उघडेल’ म्हणत न बसणं, याला खूप किंमत आहे.

आणि आता आजचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिने टाळेबंदीला सगळ्या उद्योगांत चौदा दिवसांची नोटीस सक्तीची केली, हे एक बरं झालं. पण परवानगीचा उंबरठा शंभरावरून परत तीनशेवर नेला, म्हणजे १९७६ चाच आकडा. पन्नास ते दोनशे नव्याण्णव कामगार असतील तर साठ दिवसांची नोटीस आणि वर्षाला पंधरा दिवस, एवढं दिलं की मालक मोकळा.

एस. जी. केमिकल्सचा हिशेब या नव्या आकड्यावर लावून बघा. चर्चगेटचे ९० आणि ट्रॉम्बेचे ६०, दीडशे. वरळीचे ११० धरले तरी दोनशे साठ. तेच ऑफिस, तीच नोटीस, तोच युक्तिवाद, आणि चर्चगेटच्या त्या नव्वद जणांच्या हातात पूर्ण पगाराऐवजी वर्षाला पंधरा दिवसांचा चेक.